एनआरओ खात्यातून फ्लॅटविक्रीचे पैसे अमेरिकेत न्यायचे आहेत: बँकेला पत्र कसं लिहायचं?

प्रश्न: ठाण्यातला फ्लॅट विकला, पैसे एनआरओ खात्यात आलेत. बँक म्हणते, "टॅक्स क्लिअरन्स जोडून पत्र द्या." पत्रात नेमकं काय लिहायचं, आणि हा क्लिअरन्स मिळतो कुठे?

उत्तर:

आधी क्लिअरन्सचं बघू, कारण त्या शब्दापायी मीही पंधरा दिवस घालवले. "यांनी कर भरला, पैसे जाऊ द्या" असा दाखला प्राप्तिकर कार्यालय या कामासाठी देत नाही. काउंटरवर ज्याला क्लिअरन्स म्हणतात ते दोन फॉर्म असतात. १५सीबी हे तुमच्या सीएचं प्रमाणपत्र. ते पोर्टलवर आलं की त्याच्या आधारे तुम्ही स्वतः १५सीए भरायचा. (माझा व्यवहार २०२४ चा आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू आहे, त्यामुळे फॉर्म आणि कलमांचे आजचे क्रमांक सीएकडून पडताळून घ्या.)

माझा हिशोब सांगते, म्हणजे पत्रात कोणता आकडा कुठून येतो ते कळेल. कोथरूडचा फ्लॅट २००९ मध्ये, आम्ही पुण्यातच राहत असताना घेतला होता. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरून खर्च ३४ लाख. २० सप्टेंबर २०२४ ला तो ९५ लाखांना विकला, म्हणजे नफा ६१ लाख. २३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे आणि आपल्याला, म्हणजे अनिवासी लोकांना, महागाईची सूट नाही. जुन्या वीस टक्क्यांच्या पर्यायाची सवलत फक्त निवासी लोकांसाठी ठेवली आहे. उत्पन्न ५० लाखांच्या वर गेल्यामुळे करावर १० टक्के अधिभार, मग ४ टक्के उपकर. सगळं मिळून नफ्यावर १४.३ टक्के, म्हणजे ८,७२,३०० रुपये.

खरी गोम पुढे आहे. घेणाऱ्याला टीडीएस कापायचा असतो तो नफ्यावर नाही, पूर्ण ९५ लाखांवर: १३,५८,५०० रुपये. जवळपास पाच लाख जास्तीचे जातात आणि रिटर्न भरून परताव्याची वाट बघावी लागते. म्हणून आम्ही पैसे घेण्याआधीच कमी कपातीच्या दाखल्यासाठी फॉर्म १३ भरला. त्यात घेणाऱ्याचा टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, लागतो, तो त्यांना आधी काढायला लावला. दाखला ९.१८ टक्क्यांचा आला, त्याप्रमाणे ८,७२,१०० रुपये कापले गेले आणि ८६,२७,९०० खात्यात जमा झाले. तुमचे पैसे आलेत म्हणजे ही वेळ तुमच्यासाठी निघून गेली. जास्त कापलं गेलं असेल तर रिटर्नमध्ये मागा.

एक मात्र आजच बघा. घेणाऱ्याने टीडीएस कोणत्या फॉर्मने भरला? आमच्या एजंटने त्यांना बिनधास्त सांगितलं होतं, "एक टक्का कापा, २६क्यूबी भरा, झालं." तो नियम विकणारा निवासी असेल तेव्हाचा. आपल्या बाबतीत टॅनवर चलन भरून तिमाहीचं २७क्यू विवरणपत्र जातं. आमच्या सुदैवाने हे नोंदणीच्या आदल्या आठवड्यात भावाच्या लक्षात आलं. जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीचं २७क्यू ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचं असतं, आणि ते भरल्याशिवाय तुमच्या २६एएस या करविवरणात काही दिसत नाही. घेणाऱ्याच्या मागे लागून ते करून घ्या आणि त्याच्याकडून फॉर्म १६ए मागा.

आता पत्र. माझं पहिलं पत्र परत आलं. मी लिहिलं होतं, "फ्लॅटविक्रीची रक्कम रु. ९५ लाख माझ्या अमेरिकेतील खात्यात पाठवावी." खात्यात आले होते ८६ लाख २७ हजार, आणि सीएचं प्रमाणपत्र होतं ८५ लाखांचं, कारण थोडे पैसे मी रिटर्नसाठी मागे ठेवले होते. तीन कागदांवर तीन आकडे. शाखेने नऊ दिवस ठेवून घेतलं आणि मग विचारलं, "मॅडम, नेमके किती पाठवायचे?" त्यांचं चूक नव्हतं. कागद तपासणाऱ्या माणसाला विक्रीखतापासून सुरुवात करून टीडीएस वजा करत खात्यातल्या जमेपर्यंत आणि तिथून मागितलेल्या रकमेपर्यंत सलग जाता आलं पाहिजे. पत्राचं काम तेवढंच. दुसऱ्यांदा जे दिलं त्याचा गाभा असा (बँकेला इंग्रजीत दिलं):

> विषय: एनआरओ खाते क्र. ____ मधून स्थावर मालमत्तेच्या विक्रीची रक्कम परदेशी पाठवण्याबाबत
>
> मी अनिवासी भारतीय असून माझा पॅन ____ आहे. पुणे येथील सदनिका क्र. ____ मी २००९ मध्ये निवासी असताना खरेदी केली होती. ती दि. २०/०९/२०२४ च्या नोंदणीकृत विक्रीखताने (दस्त क्र. ____) रु. ९५,००,००० ला विकली. खरेदीदाराने रु. ८,७२,१०० टीडीएस कापून भरला असून उरलेले रु. ८६,२७,९०० वरील खात्यात दि. ____ रोजी जमा झाले आहेत.
>
> यापैकी रु. ८५,००,००० इतक्या रकमेचे अमेरिकन डॉलर त्या दिवशीच्या दराने माझ्याच नावावरील खाली दिलेल्या खात्यात पाठवावेत. बँकेचे शुल्क माझ्या एनआरओ खात्यातून वेगळे घ्यावे.
>
> या आर्थिक वर्षात सर्व बँकांमधून मिळून, ही रक्कम धरून, मी दहा लाख अमेरिकन डॉलरच्या मर्यादेत आहे. ही रक्कम कर्जाऊ घेतलेली नाही.

याखाली परदेशी बँकेचं नाव, खाते क्रमांक, स्विफ्ट कोड. जोडपत्रं: खरेदीखत, विक्रीखत, कमी कपातीचा दाखला, टीडीएसचं चलन किंवा १६ए, जमा दाखवणारं खात्याचं विवरण, १५सीबी, १५सीए, आणि बँकेचा स्वतःचा ए२ अर्ज.

"रुपये इतके, त्या दिवशीच्या दराने" हे शब्द मुद्दाम आहेत. डॉलरचा आकडा पक्का लिहिलात तर दर हलला की रुपये १५सीएपेक्षा जास्त होतात आणि कागद पुन्हा परत येतो. शुल्क वेगळं घ्यायला सांगायचं तेही त्याचसाठी. १५सीएमध्ये शाखेचा बीएसआर कोड लागतो, तो आधी शाखेकडून घ्या. भरल्यावर चूक दिसली तर सात दिवसांच्या आत फॉर्म मागे घेता येतो, म्हणून तो भरला की त्याच आठवड्यात शाखेत दाखवा.

त्याच खात्यात भाडं किंवा एफडीचं व्याज येत असेल तर विवरणात विक्रीच्या जमेवर पेनने खूण करा. फ्लॅट वारशाने आलेला असेल तर पत्रात "खरेदी" ऐवजी तसं लिहून मृत्युपत्र किंवा वारसाचे कागद जोडा. मर्यादा तीच दहा लाख डॉलरची. आणि काउंटरवर कोणी "वीस टक्के टीसीएस लागेल" म्हणालं तर शांतपणे सांगा की तो निवासी लोकांच्या योजनेतला आहे, एनआरओतून पैसे नेताना लागत नाही. मला एकदा सांगावं लागलं होतं.

दुसरं पत्र दिल्यावर पाचव्या दिवशी पैसे ह्यूस्टनच्या खात्यात आले.