किल्ली निम्मी होते म्हणजे नेमकं काय होतं?

प्रश्न : सर, मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मला क्रिप्टोग्राफीत काम करायचं आहे. सेमिनारमध्ये ऐकलं की क्वांटम संगणक एईएस या कूटलेखन पद्धतीची किल्ली निम्मी करतो आणि उपाय म्हणून ती दुप्पट करायची. एवढंच असेल तर या क्षेत्रात करण्यासारखं काय उरलं? की मी दुसरं काही निवडू?

उत्तर : तू ऐकलंस ते बरोबर आहे, पण ‘निम्मी’ या शब्दाने तुझी फसगत होते आहे. निम्मे होतात ते किल्लीचे बिट. १२८ बिटच्या किल्लीच्या शक्यता 2^128. त्या खरोखर निम्म्या झाल्या असत्या तर 2^127 उरल्या असत्या, म्हणजे फक्त एक बिट गेला असता. लव ग्रोव्हर यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या शोधपद्धतीत वर्गमूळ घेतलं जातं, म्हणून साधारण 2^64 फेऱ्या पुरतात.

हे वर्गमूळ येतं कुठून, ते वहीवर करून बघ. समज, चारच किल्ल्या आहेत आणि तिसरी खरी आहे. सुरुवातीला चौघींचं अ‍ॅम्प्लिट्यूड १/२. त्याचा वर्ग केला की संभाव्यता मिळते, म्हणजे प्रत्येकीची १/४. आता प्रत्येक किल्लीने माहीत असलेला मजकूर कूटबद्ध करून ताडून बघणारं सर्किट खऱ्या किल्लीचं चिन्ह उलटवतं : तिसरी −१/२. चौघींची सरासरी आता १/४ आली. पुढची पायरी प्रत्येक आकडा सरासरीच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर नेऊन ठेवते. १/२ चे होतात ० आणि −१/२ चा होतो १. एका फेरीत खरी किल्ली हाती!

सोळा किल्ल्या घेतल्यास तर तीन फेऱ्यांनंतर खरी किल्ली मिळण्याची संभाव्यता सुमारे ९६ टक्के होते. चौथी फेरी मारलीस तर ती ५८ टक्क्यांवर घसरते. म्हणजे नेमकं कधी थांबायचं हेही आधी ठाऊक हवं. प्रत्येक फेरीत वाढ होते ती अ‍ॅम्प्लिट्यूडमध्ये, संभाव्यता म्हणजे त्याचा वर्ग, म्हणून फेऱ्या वर्गमुळाइतक्या लागतात. यापेक्षा लक्षणीय वेगाने आंधळा शोध घेता येत नाही, हेही सिद्ध झालेलं आहे. किल्ली दुप्पट करण्याचा आधार तोच : 2^256 चं वर्गमूळ 2^128, म्हणजे आज एईएस-१२८ फोडायला जेवढे प्रयत्न लागतात, तेवढ्या फेऱ्या. आणि त्याची किंमत माफक आहे. एईएस-१२८ मध्ये एका ब्लॉकवर १० आवर्तनं होतात, एईएस-२५६ मध्ये १४. किल्ली दुप्पट, पण काम साधारण दीडपटीच्या आतच.

आरएसए या सार्वजनिक किल्लीच्या पद्धतीला हा उपाय लावू नकोस. तिथे पीटर शोर यांची क्वांटम पद्धत चालते, ती मोठ्या संख्येचे अवयव शोधताना तिची रचनाच वापरते. किल्ली दुप्पट केली तर हल्लेखोराचं काम जेमतेम काही पट वाढतं.

आता 2^64 चा हिशेब बघ. ग्रोव्हरच्या फेऱ्या एकामागोमाग एकच कराव्या लागतात. नेमक्या फेऱ्या 2^64 च्या सुमारे ०.७९ पट लागतात. एक फेरी एका मायक्रोसेकंदात झाली असं उदारपणे धरलं, तरी सुमारे साडेचार लाख वर्षं लागतात. बरं, यंत्रं वाढवावीत? चार यंत्रांनी वेळ फक्त निम्मा होतो, शंभरांनी दहावा भाग. एका वर्षात उरकायचं तर २० हजार कोटींहून जास्त क्वांटम यंत्रं लागतील. त्यामुळे एईएस-१२८ उद्या कोसळेल असं मला वाटत नाही. तरीही ज्या माहितीचं गुपित अनेक दशकं टिकायला हवं, तिच्यासाठी मी २५६ बिटच सुचवेन, कारण जादा खर्च थोडा आहे आणि यंत्रं किती सुधारतील यावर पैज लावावी लागत नाही.

तू विचारतोस ते काम इथून पुढे सुरू होतं. समज, एखाद्या ॲपमध्ये एईएस-२५६ लिहिलेलं आहे, पण किल्ली तयार होते सहा अंकी पिनमधून. मग शक्यता दहा लाखच. साधा संगणकसुद्धा त्या तपासून संपवेल. किंवा किल्ली उत्तम यादृच्छिक आहे, पण ती समोरच्याला पाठवताना आरएसएने गुंडाळली आहे. हल्लेखोर आज ती देवाणघेवाण साठवून ठेवेल आणि उद्या शोरने उघडेल. ग्रोव्हरची गरजच नाही. किल्ली जन्मली कुठे, तिच्यात खरी अनिश्चितता किती बिटची आणि ती पोचली कशी, हे कोड वाचून शोधणारी माणसं हवी असतात.

दुसरं काही निवडू नकोस. या सत्रात रेषीय बीजगणित आणि संभाव्यता पक्की कर आणि सोळा किल्ल्यांचा वरचा शोध पायथनमध्ये स्वतः लिही, तयार लायब्ररी न घेता. तिसऱ्या फेरीला ९६ आणि चौथीला ५८ आले, की एखादा मुक्तस्रोत पासवर्ड व्यवस्थापक उघड आणि त्याची किल्ली कशातून बनते ते शोधायला लाग.