हजारी जन्मदर म्हणजे नेमकं काय मोजलेलं असतं?

प्रश्न: एका गावाचा जन्मदर हजारी २४ आहे आणि दुसऱ्याचा १६. म्हणजे पहिल्या गावातल्या बायकांना जास्त मुलं होतात असं म्हणायचं का? आणि सोलापूर शहराचा नोंदणीवरून काढलेला दर आमच्या तालुक्यापेक्षा कितीतरी मोठा दिसतो, तो खरा मानायचा का?

उत्तर:

नाही, नुसत्या या दोन आकड्यांवरून तसं म्हणता येत नाही. आणि शहराचा आकडा बहुतेक वेळा बाहेरून आलेल्या बाळंतपणांनी फुगलेला असतो. दोन्हींची कारणं बघू.

आधी हिशेब. वर्षभरात जन्मलेली जिवंत बाळं भागिले त्या वर्षाच्या मधली, म्हणजे १ जुलैच्या सुमाराची लोकसंख्या, गुणिले हजार. २,००० वस्तीच्या गावात ४८ जन्म झाले तर ४८ ÷ २,००० × १,००० = २४. गावात मोजून हजार माणसं असायला लागत नाहीत. लहानमोठी गावं एका मापात यावीत म्हणून हजार घेतलेले असतात, बाकी त्या संख्येला काही अर्थ नाही. लोकसंख्या वर्षाच्या मधली घेतात, कारण वर्षभर ती बदलत असते. जानेवारीत २,४०० आणि डिसेंबरअखेर २,६०० असेल तर २,५०० धरायची. आषाढीला पंढरपुरात लाखो माणसं असतात, पण ती पंढरपूरच्या छेदात येत नाहीत. तिथे कायम राहणारेच मोजायचे.

या हजारांत सगळे आले: आजोबा, पाळण्यातलं बाळ, कॉलेजातला मुलगा. मूल होण्याशी ज्यांचा संबंध नाही तेही छेदात आहेत. म्हणून याला ढोबळ जन्मदर म्हणतात, आणि तुमच्या दोन गावांचा घोळ इथूनच सुरू होतो.

पण आधी शहराचं बघू, कारण आपल्या भागात सगळ्यात मोठी चूक तिथे होते. कायद्याने जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, आईबाप राहतात तिथे नाही. मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढ्याच्या बायका बाळंतपणाला सोलापूरच्या सिव्हिलमध्ये किंवा एखाद्या खाजगी दवाखान्यात येतात, धाराशिव आणि कर्नाटकाच्या सीमेवरूनही येतात. ही सगळी बाळं महापालिकेच्या रजिस्टरला लागतात, त्यांच्या आया मात्र शहराच्या लोकसंख्येत नसतात. वरची संख्या एका जमावाची आणि खालची दुसऱ्याच जमावाची, असं झालं की दराला अर्थ उरत नाही.

आकडे कल्पनेतले घेऊन बघा. शहर १० लाखांचं, नोंदलेले जन्म २६,०००, दर २६. शेजारचा तालुका ३ लाखांचा, नोंदलेले जन्म २,१००, दर अवघा ७. आता शहरातल्या २६,००० पैकी १०,००० आया बाहेरगावच्या होत्या, आणि शहरातल्या १,००० बायका दुसरीकडे बाळंत झाल्या. मग शहराचे खरे जन्म २६,००० − १०,००० + १,००० = १७,०००, आणि दर १७. तालुक्यातून ३,००० बायका बाहेर बाळंतपणाला गेल्या होत्या. त्या धरल्या की जन्म ५,१०० आणि दर पुन्हा १७. २६ आणि ७ यांत जवळजवळ चौपट फरक दिसत होता, प्रत्यक्षात दोन्हीकडचा दर सारखाच आहे.

दुरुस्तीची सोय नोंदणीच्या फॉर्मातच आहे. जन्माच्या सूचनेच्या सांख्यिकी भागात आईचं नेहमीचं राहण्याचं ठिकाण विचारलेलं असतं. नोंदी त्या रकान्यावरून वेगळ्या काढल्या की रहिवाशांचे जन्म मिळतात. अडचण पहिल्या बाळंतपणाची आहे. मुलगी माहेरी आलेली असते, फॉर्म भरताना वडील किंवा भाऊ माहेरचा पत्ता सांगून मोकळे होतात, आणि बार्शीत संसार असलेल्या बाईचं मूल सांगोल्याच्या खात्यावर जातं. रहिवास म्हणजे ती नेहमी राहते ते सासरचं गाव. फॉर्म भरणाऱ्याने तेवढा एक प्रश्न नीट विचारला तरी आकडे बरेच सुधारतात.

असा गोंधळ झालाय हे ओळखायचं कसं? एकाच जिल्ह्यात शहराचा दर अवाच्या सवा जास्त आणि भोवतालच्या तालुक्यांचा संशय यावा इतका कमी, ही पहिली खूण. त्याच तक्त्यात शहराचा मृत्युदरही तसाच चढलेला असेल तर शंका जवळजवळ पक्की समजा, कारण गंभीर पेशंटही मोठ्या दवाखान्यात आणले जातात आणि मृत्यूची नोंदही तिथेच होते.

छेदातही एक खड्डा आहे. २०११ नंतर जनगणना लांबली, म्हणून बरेच जण अजून २०११चीच लोकसंख्या घेतात. तेव्हा ५०,००० वस्ती असलेल्या गावात यंदा ९०० जन्म झाले तर दर १८ येतो. पण गाव वाढून ६०,००० झालं असेल तर खरा दर १५ आहे. ज्या गावाची वाढ जास्त त्याचा दर जास्त फुगतो, म्हणून सगळ्यांना सारखाच जुना आकडा लावला की तुलना तरी बरोबर राहील, हा समज चुकीचा आहे.

आता तुमची दोन गावं. दोन्ही २,००० वस्तीची धरू. पहिल्यात ४८ जन्म, दुसऱ्यात ३२. समजा पहिलं गाव एमआयडीसीच्या कडेचं, तरुण जोडपी भाड्याने राहायला आलेली, १५ ते ४९ वयाच्या बायका ६००. दुसऱ्या गावातली तरुण मंडळी पुण्याला गेलेली, मागे म्हातारी माणसं जास्त, त्या वयाच्या बायका ४००च. जन्म आता या बायकांनी भागून बघा: ४८ ÷ ६०० × १,००० = ८०, आणि ३२ ÷ ४०० × १,००० = ८०. दोन्हीकडे बायकांना मुलं सारख्याच प्रमाणात होतात. २४ आणि १६ मधला सगळा फरक गावात राहतं कोण याचा होता.

यालाही मर्यादा आहे. पंचवीस वर्षांची बाई आणि पंचेचाळीस वर्षांची बाई या भागाकारात सारख्याच धरल्या जातात. दुसऱ्या गावातल्या ४०० पैकी बहुतेक जणी चाळिशीच्या असतील तर ८० हाही आकडा फसवा. म्हणून लोकसंख्याशास्त्रात १५ ते ४९ चे पाच-पाच वर्षांचे सात गट करतात, प्रत्येक गटाचा दर वेगळा काढतात, सात दरांची बेरीज करून पाचाने गुणतात आणि हजाराने भागतात. येतो तो एकूण जननदर. आजचेच दर कायम राहिले तर एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुलं होतील, हे तो सांगतो. गावात म्हातारे किती, तरुण किती याचा त्यावर परिणाम होत नाही.

खऱ्या आकड्यांत हे बघायचं असेल तर सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीचे २०२० चे आकडे घ्या. ढोबळ जन्मदर महाराष्ट्राचा १५.० आणि केरळचा १३.२, पण एकूण जननदर दोघांचाही १.५. केरळात वयस्कर माणसं जास्त आहेत, मुख्यतः हेच त्या १.८ च्या फरकामागे आहे. मृत्युदरात तर उलटंच चित्र दिसतं. त्याच वर्षी केरळचा मृत्युदर हजारी ७.० आणि बिहारचा ५.४. बिहारात आरोग्य चांगलं असा अर्थ काढाल तर फसाल, कारण हजार जिवंत जन्मांमागे एक वर्षाच्या आत दगावणारी बाळं केरळात ६ आणि बिहारात २७ होती. बिहारची लोकसंख्या तरुण आहे आणि तरुण माणसं कमी मरतात. लक्षात घ्या, या अर्भक मृत्युदराचेही हजारच, पण ते हजार जन्म आहेत, हजार माणसं नव्हेत. दर वाचताना ‘हजार कोण?’ हे आधी विचारायचं ते यासाठी.

एक गोष्ट राहिली, आणि गावपातळीवर ती सगळ्यात जास्त फसवते. छोट्या गावात जन्मांची संख्या नुसत्या योगायोगानेही वरखाली होते. अंदाजाला सोपा नियम असा: जन्मसंख्येचं वर्गमूळ काढा, त्याच्या दुपटीइतका चढउतार सहज होऊ शकतो. ४८ चं वर्गमूळ साधारण ७, म्हणजे ३४ ते ६२ जन्म, म्हणजेच दर १७ ते ३१. ३२ चं वर्गमूळ साडेपाचच्या थोडं वर, म्हणजे २१ ते ४३ जन्म आणि दर साधारण १०.५ ते २१.५. दोन गावांची तुलना करताना जन्मांची बेरीज घ्या, ८०, तिचं वर्गमूळ जवळपास ९. जन्मांतला फरक १६ आहे, तो ९ च्या दुपटीपेक्षा, १८ पेक्षा, कमी. म्हणजे एका वर्षाच्या आकड्यांवरून दोन गावांत खरंच फरक आहे असं ठामपणे म्हणता येत नाही. हा सोपा नियम दोन्ही गावांची लोकसंख्या सारखी असेल तेव्हाच लावायचा.

पाच वर्षं एकत्र केली तर? दर तेच राहिले असं धरू. जन्म २४० आणि १६०, फरक ८०, बेरीज ४००, वर्गमूळ २०. फरक त्याच्या चौपट. आता तो योगायोग म्हणून सोडता येत नाही. म्हणून ५,००० च्या आतल्या गावांचे दर एकेका वर्षाचे कधी लावू नका, तीन ते पाच वर्षांचे जन्म एकत्र करून त्या सगळ्या वर्षांच्या लोकसंख्येच्या बेरजेने भागा.

फरक शब्दांत मांडतानाही जपा. २४ वरून १६ म्हणजे ‘हजारी ८ ने कमी’ किंवा ‘एक तृतीयांशाने कमी’. ‘८ टक्क्यांनी कमी’ असं लिहिलेलं बातम्यांत सर्रास दिसतं, ते चूक आहे.

तुमच्या गावांचा हिशेब स्वतः करायचा असेल तर जन्मांची नोंद ग्रामपंचायतीत असते, पण तेवढ्यावर थांबू नका. त्यात शहरात झालेली बाळंतपणं नसतात. उपकेंद्राच्या नर्सताईंकडे आणि आशाताईंकडे गरोदर मातांच्या नोंदी असतात, त्यांत बाळंतपण कुठे झालं हेही मिळतं. दोन्ही याद्या आईच्या नावावरून जुळवा. माहेरपणाला आलेल्या मुली वगळा, आणि बाहेर बाळंत झालेल्या गावच्या सुना धरा. छेदासाठी गावाचा सर्व्हे त्यांच्याकडेच असतो. त्यांच्याकडच्या पात्र जोडप्यांच्या रजिस्टरमध्ये मात्र फक्त लग्न झालेल्या बायका असतात. एका गावाला ते रजिस्टर आणि दुसऱ्याला १५ ते ४९ च्या सगळ्या बायका असं करू नका, दोन्ही गावांना एकच छेद लावा.