कडक झालं म्हणजे क्युअर झालं असं नाही

अरे, पार्ट कडक झाला म्हणून इपॉक्सी रेझिन पूर्ण क्युअर झालं, म्हणजे त्यातली रिअ‍ॅक्शन पुरी झाली, असं धरून चालू नकोस. आधी जेल होतं, म्हणजे रेणूंच्या साखळ्या एकमेकींत अडकून जाळं बनतं आणि रेझिन वाहायचं थांबतं, पण रिअ‍ॅक्शन चालूच असते. जाळं दाट होतं तसा त्याचा टीजी, म्हणजे काचेसारखं कडक असलेलं रेझिन ज्या तापमानाला मऊ पडतं तो आकडा, वर चढत जातो आणि तो क्युअरच्या तापमानापाशी पोचला की सगळं जागच्या जागी गोठतं, यालाच व्हिट्रिफिकेशन म्हणतात.

आता समज तू २५ अंशांना क्युअर केलंस, तर टीजी साधारण ४०-५० वर अडकतो, मग महिनाभर ठेवलंस तरी फारसा फरक पडत नाही. तो पार्ट उन्हात ६० अंशांपर्यंत तापला की वाकणारच! म्हणून पोस्ट-क्युअर कर, म्हणजे नंतर जास्त तापमानाला पुन्हा तापव, पण थेट ८० ला टाकू नकोस, टीजीच्या वर गेला की पार्ट स्वतःच्या वजनानेच बसतो. मोल्डमध्येच ठेवून तासाला १० अंशांनी हळूहळू चढव, म्हणजे टीजी पण सोबत चढत राहतो. झालं की नाही ते नखाने दाबून कळत नाही हां, डीएससी, म्हणजे नमुना तापवून त्यातून निघणारी उष्णता मोजायची चाचणी, त्यात रिअ‍ॅक्शनची उरलेली उष्णता दिसली तर क्युअर अजून बाकी आहे.