अफेक्ट की इफेक्ट: आधी शब्दाची जात बघा

प्रश्न: ऑफिसच्या मेलमध्ये अफेक्ट आणि इफेक्ट यांत माझी दरवेळी गल्लत होते. दोन्हींचा अर्थ 'परिणाम'च ना? असे बाकीचे शब्दही कसे ओळखायचे?

अर्थावरून ओळखायला जाल तर फसाल. मी रोज इतरांचे इंग्रजी अहवाल तपासते आणि ही चूक जवळजवळ नेहमी एकाच जागी सापडते. मराठीत 'परिणाम' हे नाम आहे आणि त्यालाच 'होणे' किंवा 'करणे' जोडून आपण क्रियापदाचं काम भागवतो. इंग्रजीत मात्र क्रियापदासाठी वेगळा शब्द आहे. म्हणून शब्दाची जात आधी ठरवायची: ई अक्षराने सुरू होणारा इफेक्ट हे नाम, ए अक्षराने सुरू होणारा अफेक्ट हे क्रियापद.

परवाच एका अहवालात वाक्य होतं, 'द डिले हॅज इफेक्टेड ऑन अवर शेड्यूल'. इथे 'हॅज'नंतर क्रियापद हवं, म्हणजे अफेक्टेड. शिवाय 'ऑन'ही काढायला हवा. तो आपल्या 'वेळापत्रकावर'मधल्या 'वर'मुळे येतो, पण अफेक्ट थेट कर्म घेतो. 'द डिले हॅज अफेक्टेड अवर शेड्यूल', एवढंच. नाम वापरायचं असेल तर 'हॅड अ बॅड इफेक्ट ऑन अवर शेड्यूल'. इथे 'ऑन' लागतोच. मागे 'अ', 'अ‍ॅन' किंवा 'द' लागत असेल तर तो इफेक्ट.

इफेक्ट क्वचित क्रियापद म्हणूनही येतो, पण तेव्हा अर्थ 'घडवून आणणे'. 'इफेक्टेड अ चेंज' म्हणजे बदल घडवून आणला. म्हणूनच 'इफेक्टेड' लिहिलं की स्पेलचेकर गप्प बसतो, कारण शब्द खरा आहे, फक्त तिथला नाही. मानसशास्त्रात अफेक्ट हे नामही आहे, चेहऱ्यावर-वागण्यात दिसणाऱ्या भावनेसाठी. मेलमध्ये त्याची गाठ पडणार नाही.

हीच कसोटी अ‍ॅडव्हाइस आणि अ‍ॅडव्हाइझला लावा. शेवटी सी असलेलं नाम, एस असलेलं क्रियापद. इथे कानही मदत करतो: नामात 'स', क्रियापदात 'झ'. प्रॅक्टिस आणि लायसन्समध्ये उच्चार एकच, म्हणून तिथे डोळ्यांवरच भिस्त. ब्रिटिश पद्धतीत नामाला सी, क्रियापदाला एस. अमेरिकन पद्धतीत प्रॅक्टिस दोन्हीकडे सीनेच, लायसन्स दोन्हीकडे एसनेच. तेव्हा क्लायंट कुठला आहे ते आधी बघून घ्या.

लूज आणि लूझमध्येही तसंच: दोन 'ओ'चं विशेषण, म्हणजे सैल; एका 'ओ'चं क्रियापद, म्हणजे गमावणे. 'वी मे लूझ द ऑर्डर' लिहिताना तिथे दुसरा 'ओ' घुसला नाही ना, हे पाठवण्याआधी एकदा बघा. 'मे'नंतर क्रियापदच येतं.