निकुंभ सर शोधण्याआधी

“ताई, मुलगा चौथीत आहे. वाचताना अडतो, शुद्धलेखनात पार आपटी खातो. ‘तारे जमीन पर’ पाहिला तेव्हा वाटलं, हा तर आमचाच ईशान! त्याला चित्रकलेच्या क्लासला घातलं, ओरडणं बंद केलं. वर्ष होत आलं, फरक काहीच नाही. निकुंभ सरांसारखा शिक्षक खरोखर कुठे मिळतो का, की ते सिनेमातच?”

लालबागहून आलेल्या आईचा हा प्रश्न. २००७ मध्ये तो सिनेमा आल्यापासून समुपदेशक म्हणून मी हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकते आहे. माझं उत्तर सहसा असं असतं: त्या सिनेमाचा पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसऱ्या अर्ध्या भागातली पद्धत खरी आहे, वेळ मात्र खरा नाही. तिसरीत दुसऱ्यांदा बसलेला ईशान वर्गात चेष्टेचा विषय होतो, बोर्डिंगमध्ये गेल्यावर गप्प होतो, आवडीची चित्रं काढणंही सोडतो. वाचता न येणारं मूल आतून असंच मिटत जातं. पुढे वाळूत बोटानं अक्षर गिरवणं, मातीची अक्षरं करणं, पायऱ्यांवर उड्या मारत बेरीज-वजाबाकी करणं, हेही विशेष शिक्षक खरोखर वापरतात. फक्त पडद्यावर ते एका गाण्याएवढ्या वेळात आटोपतं. प्रत्यक्षात आठवड्याला दोन-तीन तास, आणि तेही काही वर्षं लागतात.

पण हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगून काही झालं नसतं. माझा पिंड विवेकनिष्ठ विचारसरणीचा. माणसाची अडचण जेवढी परिस्थितीत असते तेवढीच तिच्याविषयीच्या समजुतीत असते, असं मी मानते. या घराची समजूत होती की एक विलक्षण माणूस भेटेल आणि मूल सुटेल.

मी आधी मुलाला विचारलं, “चित्रं काढायला आवडतात?”

त्यानं आईकडे पाहिलं. “नाही. मला कॅरम आवडतो.”

आई चपापली. “अहो, सिनेमात असं दाखवलंय की अशा मुलांच्या अंगात कला असते…”

इथे सिनेमानं नकळत नुकसान केलंय. ईशान शेवटी चित्रस्पर्धा जिंकतो, त्यामुळे पालक मुलात दडलेला चित्रकार शोधत बसतात. वाचनाची अडचण असलेल्या काही मुलांच्या हातात कला असते, काहींच्या नसते, इतर मुलांसारखंच. तो क्लास आम्ही बंद केला. मुलाच्या खांद्यावरून एक ओझं उतरलेलं मला तिथेच दिसलं.

वडील बेस्टच्या डेपोत मेकॅनिक. कमी बोलणारे. त्यांना मी म्हटलं, “सिनेमा पुन्हा बघा. निकुंभ सर नेमकं काय काय करतात, तेवढंच कागदावर उतरवा.”

पुढच्या भेटीत त्यांनी घडी घातलेला कागद काढला. त्यावर पहिली ओळ होती, ‘घरी येऊन वह्या बघितल्या’.

“बरोबर,” मी म्हटलं. “शिकवायच्या आधी ते चुका बघतात. उलटी अक्षरं, स्पेलिंग. आणि मग वडिलांना परक्या लिपीतला खोका देऊन म्हणतात, वाचा. तुम्ही याच्या वह्या बघितल्यात?”

“सही करतो की.”

“आता सही करू नका. चुका वाचा.”

मराठीची श्रुतलेखनाची वही टेबलावर होती. लाल शेऱ्यांनी भरलेली, खाली ‘लक्ष देत नाही’. वडील बोट ठेवून एकेक शब्द वाचू लागले. ‘प्रकाश’च्या जागी ‘पकाश’. ‘चंद्र’चं ‘चंद’. ‘मित्र’चं ‘मीत’. ‘पुस्तक’चं ‘पुतक’. पण ‘कमळ’ बरोबर, ‘बदक’ बरोबर, ‘गवत’ बरोबर. पान उलटलं, पुन्हा तेच. तिसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

“मॅडम, हा सगळीकडे चुकत नाहीये. जोडाक्षर आलं की चुकतोय.”

मी बोलले नाही.

“आमच्याकडे एका गाडीची तीच तक्रार पुन्हा पुन्हा आली तर आम्ही ड्रायव्हरला बोलत नाही, गाडी तपासणीच्या खड्ड्यावर घेतो.” मग मुलाकडे वळून, “तुला ते अक्षर ऐकू येतं का रे, त्यातलं अर्धं?”

“ऐकू येतं,” मुलगा म्हणाला. “लिहिताना ते कुठे लिहायचं ते कळत नाही.”

शेऱ्यात ज्याला ‘लक्ष देत नाही’ म्हटलं होतं, त्याचं वर्णन त्या मुलानं एका वाक्यात केलं. माझ्या कामातला हा क्षण मला सर्वांत मोलाचा वाटतो. उत्तर मी दिलं असतं तर ते माझं मत राहिलं असतं. बापानं स्वतः शोधलं, म्हणून ते घरात टिकलं.

एवढ्यावरून निदान होत नाही, हेही मी लगेच सांगितलं. त्यांना सायन हॉस्पिटलच्या लर्निंग डिसॅबिलिटी क्लिनिकची वाट दाखवली. आधी डोळे आणि कान तपासतात, मग बुद्ध्यांकाची चाचणी, मग वाचन-लेखन-गणिताची. बुद्धी सर्वसाधारण आणि वाचन-लेखन साधारण दोन इयत्ता मागे असेल, तर अध्ययन अक्षमतेचं निदान पुढे येतं. एका फेरीत काम होत नाही, धीर लागतो. आठव्या वर्षाआधी खात्रीनं सांगता येत नाही. पहिलीतल्या मुलानं एखादं अक्षर उलटं काढलं म्हणून घाबरून धावू नका.

निदान झालं. विशेष शिक्षिकेनं सुरुवात आवाजापासून केली. ‘पुस्तक’ टाळ्या वाजवत तोडायचा, ‘पुस्’ आणि ‘तक’, आणि ‘स्’च्या जागी परातीतल्या रव्यात नुसता अर्धा स बोटानं काढायचा. एका आठवड्यात एकच जोडी. घरी वडील रोज फक्त पाच शब्द घालतात.

वर्गशिक्षिकाही एकदा येऊन गेल्या. काहीशा दुखावलेल्या. “माझ्या वर्गात पन्नासच्या आसपास मुलं. मी निकुंभ कशी होणार?”

त्यांचं म्हणणं रास्त होतं. प्रेरणेसाठी असे सिनेमे पाहणाऱ्या शिक्षकांना मी ‘स्टँड अँड डिलिव्हर’चं उदाहरण देते. त्यात लॉस एंजेलिसच्या शाळेतले हायमे एस्कलांते मुलांना अगदी थोड्या अवधीत कॅल्क्युलसपर्यंत नेताना दिसतात. प्रत्यक्षात ते त्या शाळेत १९७४ मध्ये आले, कॅल्क्युलसचा पहिला वर्ग १९७८ मध्ये सुरू झाला, आणि गाजलेला निकाल १९८२चा. मधल्या वर्षांत खालच्या इयत्तांचं गणित पक्कं करावं लागलं, ते पडद्यावर मावलं नाही. तेवढी वर्षं वगळून स्वतःला त्या मापानं मोजलं की चांगले शिक्षकही खचतात.

मग मी बाईंना विचारलं, “निकुंभ सर मुख्याध्यापकांकडे काय मागतात, आठवतं? याचं अक्षर आणि स्पेलिंग सध्या बघू नका, तोंडी विचारा. याला तुमचा किती वेळ जाईल?”

बाईंनी थोडा विचार केला. “वेळ नाही जाणार.”

त्यांनी तीन गोष्टी कबूल केल्या आणि पाळल्या. आधी सांगितल्याशिवाय त्याला वर्गात मोठ्यानं वाचायला उभं करायचं नाही. परिसर अभ्यासाच्या उत्तरात मजकुराला गुण द्यायचे, शुद्धलेखनाचे कापायचे नाहीत. आणि ‘लक्ष देत नाही’ हा शेरा बंद.

मुलगा आता पाचवीत आहे. धडा वाचतो, सावकाश वाचतो. तो वेग कदाचित कायम थोडा कमीच राहील, हे त्याला आणि घरच्यांना ठाऊक आहे. जोडाक्षरं बरीच सुटली, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी अजून चुकते. आई परवा विचारत होती, दहावीचं काय? बोर्ड अशा मुलांना जादा वेळ, गरज असेल तर लेखनिक, शिवाय भाषा आणि गणितात काही सवलती देतं. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं आणि अर्ज शाळेमार्फत वेळेत जावा लागतो. म्हणून हॉस्पिटलचे सगळे कागद आणि विशेष शिक्षिकेचे अहवाल एका फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवा, आणि आठवी संपली की मुख्याध्यापकांशी बोला, असं मी त्यांना सांगितलं आहे.