स्टॉप त्याला माहितीये की आईला?

"ताई, ओंकार सतरा वर्षांचा झाला. रोज माझ्यासोबत बसनी जातो, त्याला रस्ता पाठ आहे सगळा. पण एकटा सोडायची हिंमत होत नाही. चुकला तर? कोणी फसवलं तर? एकटा जाऊ शकेल का हो तो कधी?"

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचे आईबाबा मला हे सतत विचारतात, तर एका मुलाचंच सांगते (नाव बदललंय). इंदूरचंच कुटुंब, घर गीताभवनजवळ, ट्रेनिंग सेंटर विजयनगरला, आणि तेव्हा एबी रोडवर बीआरटीएस होतं, रस्त्याच्या मधोमध बसची वेगळी लेन, म्हणजे एकच बस, वाटेत बदलायची नाही. पहिला रूट असाच निवडावा.

मी आधी दोघांसोबत बसमध्ये बसले आणि काही बोलले नाही. विजयनगर आलं, ओंकार बरोब्बर उठला. आई म्हणाली, "बघितलं ना?" मी म्हटलं, "काकू, उद्या तुम्ही त्याच्या मागच्या सीटवर बसा, आणि स्टॉप आला तरी हलू नका." दुसऱ्या दिवशी विजयनगर आलं, दार उघडलं, बंद झालं, ओंकार बसलेलाच. आई रडवेली झाली, मला मात्र तिथेच किल्ली सापडली. तो खिडकीबाहेर बघतच नव्हता. आई स्टॉपच्या थोडं आधी पर्स खांद्याला लावायची, पुढे सरकायची, आणि तो तेच बघून उठायचा. इतके दिवस त्यानं रस्ता नाही, आई पाठ केली होती! "त्याला सगळं माहितीये" असं ज्यांना वाटतं त्यांनी सोडायच्या आधी हे एकदा नक्की करून बघा. आपण न बोलता किती सांगत असतो, कळतच नाही.

मग त्याला बाहेरची खूण दिली. स्टॉप मोजायला लावले नाहीत, मोजणी मध्येच तुटते. होर्डिंगही नको, ते बदलतं. सी-२१ मॉल दिसला की उठायचं आणि दाराशी जायचं. खूण स्टॉपवरची नसावी, स्टॉपच्या आधीची असावी, कारण या मुलांना उठून गर्दीतून दारापर्यंत जायला वेळ लागतो. सुरुवातीला आई शेजारी बसून बोट दाखवायची, मग नुसतं "काय दिसलं?" विचारायची, मग गप्प, मग मागची सीट, मग बसच्या दुसऱ्या टोकाला, आणि शेवटी मागच्या बसमध्ये. एक पायरी काही दिवस सलग न चुकता जमली तरच पुढची, चुकलं तर एकच पायरी मागे, पार पहिल्यापासून नाही.

खरं शिक्षण त्यानंतरचं, आणि लोक नेमकं तेच टाळतात. मी आईला म्हटलं, "आता त्याला मुद्दाम चुकवू."
"मुद्दाम? ताई, घाबरेल ना तो!"
"घाबरू दे. पण आपण बसमध्ये असताना."

एकदा तिनं त्याला गप्पांत गुंतवलं, विजयनगर गेलं. ओंकार चालत्या बसच्या दाराकडे धावला. मला हेच बघायचं होतं, कारण धोका स्टॉप चुकण्यात नसतो, नंतरच्या अर्ध्या मिनिटात असतो. मग त्याला तीनच गोष्टी पाठ करून दिल्या: बस थांबेपर्यंत दांडा धरायचा, पुढच्या स्टॉपवर उतरायचं, तिथेच उभं राहून आईला फोन, चालायला लागायचं नाही. फोन लागला नाही तर खिशातलं कार्ड तिकीट खिडकीवर किंवा कंडक्टरला दाखवायचं, दुसऱ्या कोणाला नाही. कार्डावर नाव, उतरायचा स्टॉप आणि दोन फोन नंबर, घरचा पत्ता नाही. गळ्यात अडकवायचं नाही, खिशातच ठेवायचं, गळ्यातलं कार्ड फसवणाऱ्यालाही वाचता येतं. कोणी "चल, सोडतो" म्हटलं तर उत्तर एकच, "आईला विचारतो," आणि लगेच फोन. हे आम्ही मुद्दाम त्याच्या ओळखीच्या नसलेल्या माणसांकडून विचारून घेतलं, कारण काका-मामांना तो नीट उत्तर देतो, त्यावरून काही कळत नाही.

नंतर एकदा बसमध्ये खूप गर्दी होती, मॉल दिसलाच नाही, विजयनगर गेलं, आणि पुढच्या स्टॉपवरून आईला फोन आला, "आई, मी सत्यसाईला आहे, उभा आहे." त्या दिवशी मी आईला म्हटलं, आता मागच्या बसनी जायचं बंद करा. न चुकता पोचला तेव्हा मी हे म्हटलं नव्हतं.

एक मात्र स्पष्ट सांगते, हा एकाच रूटचा शहाणपणा असतो. २०२५ मध्ये हायकोर्टाच्या आदेशानंतर बीआरटीएस काढायला लागले, तशी रस्त्याच्या मधली स्टेशनं जाऊन बस कडेला थांबणार हे दिसत होतं, म्हणून कुठे उभं राहायचं, कुठून चढायचं, तिकीट कोणाकडे घ्यायचं हे सगळं त्याला परत शिकवलं. मॉलची खूण तीच राहिली, म्हणून यावेळी लवकर जमलं. पण कडेच्या स्टॉपवरून जाताना किंवा येताना एकदा अख्खा एबी रोड ओलांडावा लागतो, आणि येणाऱ्या गाडीचा वेग ओळखणं त्याला अजून भरवशानं जमत नाही. ते जमेपर्यंत रस्ता ओलांडायला संध्याकाळी बाबा स्टॉपवर असतात, बसमधला प्रवास त्याचा एकट्याचा.