ऑनेजर, मँगोनेल आणि ट्रेबुशे: दगडाच्या वाट्याला किती ताकद येते?

प्रश्न: गेममध्ये ऑनेजर, मँगोनेल आणि ट्रेबुशे अशी तीन यंत्रं वेगवेगळी दाखवतात. तिन्ही दगडच फेकतात ना? मग ट्रेबुशेचाच दगड एवढा लांब का जातो, फक्त ते मोठं असतं म्हणून?

आकाराचा भाग आहे, पण खरं कारण तो नाही. यंत्रात साठवलेल्या ताकदीपैकी दगडाला किती मिळते आणि फेकणाऱ्या दांड्यातच किती अडकून राहते, यावर सगळं ठरतं.

ऑनेजर हे रोमनांचं यंत्र. जुन्या सुतारांकडे दोरीला काडीने पीळ देऊन ताणलेली करवत असायची, ती पाहिली असेल तर याचं तत्त्व लगेच कळेल. जाड लाकडी चौकटीत जनावरांच्या कंडरांचा किंवा केसांचा दोर आडवा भरायचा, त्याच्या मधोमध एक दांडा खोचायचा आणि दोराला दोन्ही बाजूंनी पीळ द्यायचा. दांडा मागे ओढून अडकवला की पीळ आणखी चढतो. खिट्टी उडवली की दांडा उसळून उभा राहतो आणि समोरच्या गादीवर आदळून थांबतो.

चौथ्या शतकातला रोमन इतिहासकार अम्मियानुस मार्सेलिनुस याने हे यंत्र जवळून पाहिलेलं होतं. तो सांगतो की दांडा आदळतो तिथे भुसा भरलेली केसांची जाड गादी बांधलेली असे, आणि हे यंत्र दगडी तटावर ठेवत नसत, कारण यंत्राच्या वजनाने नव्हे तर नुसत्या हादऱ्याने तटाचे चिरे निखळत. म्हणून ते हिरवळीच्या ढेकळांवर किंवा विटांच्या ओट्यावर ठेवायचे. 'ऑनेजर' म्हणजे रानगाढव, लाथ मारणारं. ही लाथ म्हणजे वाया गेलेली ताकद.

किती वाया जाते, ते एका साध्या हिशेबात बघू. समजा दांडा ५० किलोचा आणि सगळीकडे सारखा जाड आहे, दगड १० किलोचा आहे आणि तो दांड्याच्या टोकावरच्या वाटीत ठेवलाय. टोकाचा वेग v धरला तर दगडाची गतिज ऊर्जा ½ × 10 × v², म्हणजे 5v². दांड्याची ⅙ × 50 × v², म्हणजे साधारण 8.3v². पिळातून आलेल्या ताकदीतला निम्म्याहून जास्त भाग दांड्याने खाल्ला आणि गादीवर आपटून संपवला!

चित्रपटांत दिसतं ते हे वाटीचं, चमच्यासारखं रूप. अम्मियानुस मात्र स्पष्टपणे गोफणीचं वर्णन करतो. टोकाला गोफण लावली की दांडा जड न करता लांब केल्यासारखं होतं. गोफणीतला दगड टोकाच्या दुप्पट वेगाने सुटला, तर त्याच हिशेबात दगडाकडे 20v² आणि दांड्याकडे तेच 8.3v². शेतात राखणीला गोफण फिरवलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

तरीही पिळाची अडचण उरतेच. पिळाचा जोर अगदी सुरुवातीला सर्वांत जास्त आणि मग उतरत जातो. तो पहिला झटका सोसायचा तर दांडा जाड हवा, आणि जाड म्हणजे पुन्हा जड. शिवाय दोर दमट हवेत ढिला पडतो. मी हात-दीड हात उंचीचं ऑनेजर नायलॉनच्या दोरीने बनवलं होतं. संध्याकाळी घट्ट पिळून ठेवलं आणि सकाळी पाहिलं तर तोच दगड कालच्या खुणेच्या बराच अलीकडे पडायला लागला. दोरी कुठे तुटली नव्हती, फक्त ताण सहन करत रात्रभर लांबली होती. नेम जुळवलेला असताना हे झालं की काहीच हाताशी राहत नाही.

आता मँगोनेल. हा शब्द फार सैल वापरला जातो. गेममध्ये त्याला चाकांवरचं वाटीवालं यंत्र केलंय, पण मध्ययुगात या नावाखाली मुख्यतः माणसांनी ओढायचं यंत्र यायचं. अरबी-फारसीतला मंजनीक हा त्याच घराण्यातला शब्द. यात पीळ नाही. खांबावर तोललेला लांब दांडा, त्याच्या लांब टोकाला गोफण आणि आखूड टोकाला दोरांचा जुडगा. माणसं एकदम खाली ओढतात आणि दगड सुटतो. ही कल्पना चीनमधली. सहाव्या शतकाच्या अखेरीस थेसालोनिकीच्या वेढ्यात ती युरोपच्या नोंदींत दिसते. ७१२च्या सुमारास सिंधमधल्या देबलच्या वेढ्यात मुहम्मद बिन कासिमकडे 'अल-अरूस', म्हणजे नवरी, नावाचा मंजनीक होता आणि तो ओढायला ५०० माणसं लागत, असं नवव्या शतकातला अरब इतिहासकार बलाधुरी लिहितो. मंदिरावरचा झेंड्याचा खांब पाडण्यासाठी 'त्याचा पाय आखूड करा' असा हुकूम त्याचा वरिष्ठ, इराकचा सुभेदार हज्जाज याच्याकडून आला होता. मला हा तपशील फार आवडतो, कारण त्यातून दिसतं की चौकटीची उंची-कल बदलून नेम साधण्याची विद्या तेव्हा पक्की होती.

या यंत्राचा वेग मोठा, एकामागून एक दगड सुटतात. पण ओढणारी माणसं दमतात, आणि प्रत्येक वेळी सगळे सारख्याच जोराने, त्याच क्षणी ओढतील असं नाही. दगड कधी पुढे, कधी मागे.

बाराव्या शतकात माणसांच्या जागी दगडमातीने भरलेली पेटी आली, तो ट्रेबुशे. पेटीचं वजन आणि ती पडण्याची उंची दर वेळी तीच. डेन्मार्कमधल्या एका संग्रहालयाने १९८९मध्ये असं यंत्र पुन्हा उभं केलं. २ टनांच्या पेटीने १५ किलोचा गोळा साधारण पावणेदोनशे मीटर जायचा आणि गोळे जेमतेम ६ मीटरच्या चौकोनात पडायचे. हवेचा विरोध सोडला तर एवढ्या अंतरासाठी गोळ्याला सुमारे १३,००० जूल लागतात. २ टन वजन १ मीटर खाली आलं की १९,६०० जूल मिळतात, म्हणजे फार उंची लागतच नाही.

यातली खरी करामत दांड्याची आहे. तो टेकूजवळ जाड आणि टोकाकडे निमुळता असतो, कारण टोकाकडचं लाकूडच सर्वांत वेगाने फिरतं. टेकूपासून गोफणीकडची बाजू पेटीकडच्या बाजूच्या चार-पाच पट लांब. पेटी सावकाश पडायला लागते, त्यामुळे झटका नाही. आणि गोफणीतला दगड बाहेर फेकला जाताना टोकाला मागे ओढतो, दांड्याचा वेग उतरतो. सगळं नीट जुळलं तर दगड सुटतो त्या क्षणी दांडा उभा आणि पेटी तळाशी जवळजवळ थबकलेली असते. त्यांची ताकद दगडात गेलेली असते. गादीची गरजच नाही. तुम्ही मॉडेल बनवलंत तर हीच खूण बघा: दगड सुटल्यावर पेटी जोरात झुलत असेल आणि सगळी चौकट हलत असेल, तर ताकद अजून यंत्रातच आहे. मग गोफणीची लांबी बदलून बघा.

दुसरी किल्ली टोकावरच्या खिळ्यात आहे. गोफणीची एक दोरी पक्की असते, दुसरीची कडी या खिळ्यावर नुसती अडकवलेली. खिळा सरळ ठेवला तर कडी लवकर निसटते आणि दगड उंच जाऊन जवळ पडतो. पुढे वाकवला तर उशिरा सुटतो आणि सपाट जातो. माझ्या मॉडेलमध्ये खिळा पार सरळ राहिला होता, तेव्हा पहिला दगड सरळ वर गेला आणि माझ्याच मागे येऊन पडला. पकडीने तो जरासा पुढे वाकवला, बाकी कशालाच हात लावला नाही, आणि पुढचा दगड अंगण ओलांडून कुंपणाला लागला.